एमसीबीच्या एकाच फेजचं टर्मिनल गरम होऊन राहिलं, वायर सारखी ढिली होते. पिन लावू का थिंबल?

बहार_वरुड · ९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वावरात बोअरवर ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल आहे, नीमाच्या झाडाखाली लोखंडी पेटीत ३ पोलचा १६ अँपिअरचा एमसीबी आणि खाली स्टार्टर. एमसीबी ते स्टार्टर ४ स्क्वेअर एमएमची फ्लेक्सिबल तांब्याची वायर, अर्धा मीटरच असन. मागच्या दिवाळीपासून हा त्रास सुरू झाला की लाइट आली, मोटर लावली, ३०-४० मिनिटं चालते अन् एमसीबी पडते. थोड्या वेळानं उचलली की परत चालते. आंबिया बहाराची फळं झाडावर हायेत, या उन्हात पाणी चुकलं की गळ सुरू होते, त्याच्यामुळं रात्री-बेरात्री वावरातच पडून राहावं लागते.

आता पाह्यलं तर तिसऱ्या फेजची म्हणजे बी फेजची वायर खालच्या टर्मिनलपाशी तपकिरी पडली, इन्सुलेशन कडक झालं, हात लावला तर कडकड आवाज येते. स्क्रू टाइट केला तर अर्धा आटा फिरला. आठ दिवसानं पाह्यलं तर पुन्हा अर्धा आटा. दिवाळीपासून चौथ्यांदा टाइट केला. दुकानदार म्हणते पिन थिंबल लाव, दुसरा म्हणते फेरूल लाव, तिसरा म्हणते लग लाव. काय लावू अन् कसं लावू ते सांगा. फोटो उद्या टाकतो.

---

जुना_लाइनमन · ९ मे, रात्री १०:१५

काही थिंबल-बिंबल लागत नाही भाऊ. वायरचं टोक सोलून चांगला पीळ मार, त्याच्यावर रांगा चढव म्हणजे सोल्डर कर, एकजीव कांडी होते, मग स्क्रू आवळ. आम्ही ३०-३५ वर्ष असंच केलं, कुठं जळलं नाही.

---

बहार_वरुड · ९ मे, रात्री १०:२२

काका, सोल्डरच केलेलं हाय ना. दिवाळीच्या आधी पेटी बदलली तवा वायरमननं तिन्ही टोकांवर सोल्डर केलं होतं. चांगलं चकचकीत दिसत होतं.

---

वणीकर_पाटील · ९ मे, रात्री १०:५०

५ एचपीला १६ चा एमसीबी कमीच पडते. माझ्या इथं ३२ चा हाय, कधी पडत नाही. तो टाकून पाहा, वायरचं नंतर पाहू.

---

पॅनलवाली_बुटीबोरी · ९ मे, रात्री ११:०५

वणीकर दादा, प्लीज ३२ चा सांगू नका. ५ एचपीची मोटर थ्री फेजवर ८-९ अँपिअर घेते, १६ चा भरपूर आहे. इथं एमसीबी लोडमुळं पडून नाही राहिला, टर्मिनलच्या गरमीमुळं पडून राहिला असं मला वाटते. एमसीबीच्या आत प्रत्येक पोलला एक बायमेटलची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि ट्रिप करते. तिला हे कळत नाही की गरमी करंटची आहे का ढिल्या जोडाची आहे. जोड तापला की ती गरमी तांब्यातून आत जाते आणि पट्टी वाकते. ३२ चा टाकला तर पट्टी वाकायला जास्त गरमी लागेल, तोवर वायरचं इन्सुलेशन जळेल, जोड तुटेल आणि मोटर दोन फेजवर चालेल.

बहार दादा, तीन गोष्टी सांगा. क्लँप मीटरनं तिन्ही फेजचा करंट किती येते? मोटर चालू असताना एमसीबीची पूर्ण बॉडी गरम लागते का फक्त एका बाजूनं (हात फक्त प्लास्टिकवर, समोरून)? आणि स्क्रू कशानं आवळता?

बॉडीचं याच्यासाठी विचारलं की उन्हात पेटी ५० डिग्रीच्या वर जाते, एमसीबीचं रेटिंग ३० डिग्रीवर धरलेलं असते, म्हणून उन्हाळ्यात तो थोडा लवकर पडणारच. पण तसं असेल तर तिन्ही पोल सारखे तापतील. एकच तापत असेल तर जोडच.

---

रिवाइंडिंग_दर्यापूर · ९ मे, रात्री ११:३०

ताईंनी शेवटी जे लिहिलं ना, दोन फेजवर चालेल, त्याचा पुढचा भाग माझ्या टेबलावर येते. मे-जूनमध्ये उघडलेल्या मोटरी पाहा, दोन फेजचे गट कोळशासारखे काळे अन् एक फेजचे गट नव्यासारखे. स्टार वाइंडिंगमध्ये तसं दिसलं की समजायचं एक फेज मधेच गायब होता अन् बाकी दोघांनी सगळा भार ओढला. कास्तकार म्हणते तुमचं वाइंडिंग खराब, मी म्हणतो पेटी दाखवा. निम्म्या वेळा पेटीत एक वायर काळी सापडते. सिंगल फेज प्रिव्हेंटर असला तर वाचते, पण वावरात तो बऱ्याचदा बायपास केलेला असते.

---

सोलर_शेतकरी_पुसद · १० मे, सकाळी ७:१०

माझा सोलर पंप आहे, पॅनलची वायर कंट्रोलरला लावायची तिथं जे काळे कनेक्टर असतात त्याच्यात पाणी गेलं होतं. मी टेप मारली, आता बरं आहे. तुम्ही पण टेप मारून पाहा टर्मिनलवर. आणि अनुदानातून सोलरच घ्या, मग एमसीबीचा तापच नाही.

---

पॅनलवाली_बुटीबोरी · १० मे, सकाळी ७:४०

पुसद दादा, तुमचा विषय वेगळा, ते कनेक्टर दाबून बसवायचे असतात आणि तिथं मुख्य भीती पाण्याची. इथं स्क्रूखाली वायर दाबायची आहे. टेप मारली तर उलट गरमी आत कोंडेल आणि काळी पडलेली वायर दिसणारही नाही. सोलरच्या कंट्रोलरमध्ये पण डीसी एमसीबी असते, त्याचे स्क्रू एकदा पाहून घ्या, हीच कहाणी तिथं पण होते.

---

बहार_वरुड · १० मे, दुपारी १:२०

सकाळी भाचा आला अमरावतीहून, तो कंपनीत मेंटेनन्सला हाय, त्याच्याजवळ क्लँप मीटर होता. करंट ८.४, ८.६ आणि ८.५ आला. बॉडी बी फेजच्या बाजूनं चांगलीच गरम, दुसऱ्या बाजूनं कोमट. स्क्रू मी टेस्टरनं आवळतो, जो घरी लाइट पाहायला वापरतो तोच.

मग लाइट बंद करून, कटआउट काढून, बी फेजची वायर बाहेर काढली. टोक सोल्डरचं होतं, पण गोल राह्यलं नव्हतं. चपटं झालं होतं, स्क्रूच्या दाबानं मधी खड्डा अन् बाजूनं रांगा बाहेर आलेला, मेणबत्तीवर बोट दाबल्यासारखा. आर अन् वाय चे टोक पण थोडे चपटे होते पण काळे नव्हते.

---

पॅनलवाली_बुटीबोरी · १० मे, दुपारी २:१५

मेणबत्तीवर बोट दाबल्यासारखं, हे तुम्ही अगदी बरोबर पकडलं. रांगा नरम धातू आहे आणि दाबाखाली तो हळूहळू सरकतच राहते, थंड असला तरी. तुम्ही आज स्क्रू घट्ट केला, दाब बसला, आठ दिवसात रांगा बाजूला सरकला, दाब गेला. दाब गेला की जोडाचा अवरोध वाढते, अवरोध वाढला की गरमी, गरम झाला की रांगा अजून लवकर सरकते. म्हणून तुमचा अर्धा आटा दरवेळी निघते. तुम्ही आवळून आवळून रांगा पिळून काढत होता, जोड घट्ट होतच नव्हता.

आता तुमची ८.५ अँपिअर चालू असताना त्या जोडात किती गरमी आहे ते मोजता येते. भाचा आहे आणि त्याच्या मीटरला एसी मिलीव्होल्ट आहे का विचारा. स्वस्त पिवळ्या मीटरला एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते, त्यानं काही दिसणार नाही. असेल तर मोटर चालू ठेवून एकाच फेजच्या दोन जागी प्रोब लावायचे, एक एमसीबीच्या वरच्या स्क्रूवर आणि दुसरा स्टार्टरच्या त्याच फेजच्या स्क्रूवर. एमसीबीच्या खालच्या स्क्रूवर लावू नका, कारण ढिल्या जोडाचं व्होल्टेज स्क्रूच्या पिंजऱ्यात कुठं अडकलं ते नक्की सांगता येत नाही. वरपासून खालपर्यंत घेतलं की मधले सगळे जोड आले. तिन्ही फेजचा आकडा सारखा पाहिजे.

हे काम जिवंत ४१५ व्होल्टवर आहे. प्रोब सटकून शेजारच्या फेजला लागला तर स्फोट होते, तुमच्या तोंडासमोर. ज्याचा हात रोजचा आहे त्यानंच करावं, तुम्ही नाही, भाच्याला हे रोजचं असेल तरच.

---

जुना_लाइनमन · १० मे, दुपारी ३:००

ताई, रांगा सरकते हे मले पटते, पण आम्ही जे जुने मोठे सॉकेट लावत होतो त्याच्यात रांगाच ओतत होतो, पितळी सॉकेट गरम करून त्याच्यात वितळवून केबल घालायची. ते ४० वर्ष चालले. मग ते कसे?

---

पॅनलवाली_बुटीबोरी · १० मे, दुपारी ३:२५

काका, ते बरोबरच होतं. त्या सॉकेटमध्ये रांगा केबलला सॉकेटशी जोडते, आणि बोल्टखाली दाबला जाते तो सॉकेटचा सपाट भाग, रांगा नाही. दाब रांग्यावर येतच नाही म्हणून सरकत नाही. स्क्रूखाली थेट रांगा आला की मामला बिघडते. तुमचा अनुभव खरा आहे, फक्त जागा वेगळी.

---

बहार_वरुड · १० मे, संध्याकाळी ६:४५

भाच्यानं मोजलं. त्यानं मले बाजूला उभं केलं अन् चप्पल काढून बूट घालायला लावले. आर १०५ मिलीव्होल्ट, वाय ११०, बी ४९०. तो म्हणे मामा हा जोड नाही, हीटर हाय.

---

पॅनलवाली_बुटीबोरी · १० मे, संध्याकाळी ७:१०

बघा, १०५-११० हे एमसीबीचं स्वतःचं आणि वायरचं, ते चालते. बी मध्ये ३८० जास्त. ०.३८ व्होल्ट गुणिले ८.५ अँपिअर म्हणजे सव्वातीन वॅटच्या आसपास. ऐकायला कमी वाटते, पण १६ चा एमसीबी पूर्ण १६ अँपिअरवर एका पोलमध्ये साधारण दोन-अडीच वॅटच तापते. म्हणजे तुमचा एक जोड एमसीबीला असं वाटायला लावते की लोड १६ च्या वर गेला, आणि वरून ही पेटी उन्हात. म्हणून ३०-४० मिनिटं, तेवढा वेळ पट्टी तापायला लागते.

आता करायचं काय. तो एमसीबी बदलाच. टर्मिनलचा पिंजरा एवढ्या वेळा तापला की त्याचा ताण गेला, आणि प्लास्टिकची बाजू तपकिरी असेल तर नक्कीच. नवा पण १६ चाच घ्या, सी कर्व्हचा.

वायरचं टोक जिथंपर्यंत तांबं काळं किंवा लाल-निळं दिसते तिथंपर्यंत कापून टाका, पाच-सहा बोटं गेली तरी चालेल. तुमची वायर अर्धा मीटरच आहे तर तिन्ही नव्याच घाला, ४ स्क्वेअरच्याच. मग फेरूल. दुकानात मागताना "४ स्क्वेअरचं एंड सीलिंग फेरूल, करड्या रंगाचं, १२ एमएम लांब" असं सांगा. जर्मन पद्धतीच्या रंगात ४ ला करडा, २.५ ला निळा, ६ ला पिवळा. पण काही पाकिटं दुसऱ्या पद्धतीची असतात म्हणून रंगावर जाऊ नका, पाकिटावरचा आकडा वाचा.

पिन थिंबल आणि फेरूल वेगळं. पिन थिंबलची पुढची पिन भरीव आणि पातळ असते, वायर मागं राहते आणि स्क्रू एका बारीक दांडीवर दाबते. एमसीबीच्या चौकोनी पिंजऱ्यात ती दांडी गोल फिरते, नीट बसत नाही. फेरूल म्हणजे पातळ तांब्याची नळी, वायरचे सगळे तार आत जातात आणि स्क्रूचा दाब नळीवाटे सगळ्या तारांवर जाते. तुमच्यासाठी फेरूल. आणि गोल भोकाची रिंग थिंबल एमसीबीत घालायची नाही, ती नटबोल्टच्या टर्मिनलला.

---

बहार_वरुड · १० मे, संध्याकाळी ७:४०

ताई पाकीट मिळालं, शंभराचं. पण माझ्याकडं ते दाबायचं टूल नाही. साध्या पक्कडनं दाबलं तर चालन का? अन् सोलायचं किती?

---

पॅनलवाली_बुटीबोरी · १० मे, रात्री ८:१०

पक्कडनं नाही. पक्कड दोन बाजूनं चपटं करते, मधल्या तारा सैल राहतात. पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही असं रॅचेट टूल पाहिजे, चौकोनी किंवा षटकोनी दाबणारं. ते भाच्याकडं कंपनीत असेल, मागून आणा. एकदाच तर सहा टोकं आहेत, तीन वायर गुणिले दोन.

सोलणं असं, फेरूलची तांब्याची नळी जेवढी लांब त्याच्यापेक्षा दोन-तीन एमएम जास्त, १२ एमएमची आहे तर १४-१५. प्लास्टिकच्या कॉलरमध्ये इन्सुलेशन पूर्ण घुसलं पाहिजे आणि नळीच्या तोंडाशी तांब्याची टोकं दिसली पाहिजेत. आत अर्धी नळी रिकामी राहिली तर स्क्रू रिकाम्या नळीला दाबेल, ते पहिल्यांदा घट्ट वाटते आणि नंतर दबते.

सोलताना ब्लेडनं गोल फिरवू नका. ४ स्क्वेअरच्या फ्लेक्सिबल वायरीत ०.३ एमएमच्या ५६ तारा असतात, ब्लेडनं बाजूच्या आठ-दहा तारा कापल्या जातात आणि पीळ मारताना गळून पडतात, दिसत पण नाही. मग तिथं ४ स्क्वेअरचं तांबं राहत नाही. साध्या स्ट्रिपरचं ४ चं भोक वापरा. पीळही जास्त मारू नका, पिळलेल्या तारा नळीत एकसारख्या बसत नाहीत, नुसत्या सरळ करून अंगठ्यानं हलकं गोळा करा.

---

बारीक_बोलतो · १० मे, रात्री ८:४५

मी पॅनल लावतो अकोल्याला. फेरूलच पाहिजे असं काही नाही हो. चांगल्या कंपनीच्या एमसीबीच्या पिंजऱ्यात फ्लेक्सिबल वायर डायरेक्ट घातली तरी कंपनी चालते म्हणते, कागदावर लिहिलेलं असते. मी कित्येक पॅनल तसेच दिले.

---

पॅनलवाली_बुटीबोरी · १० मे, रात्री ९:०५

हो, बऱ्याच एमसीबीला उघडी फ्लेक्सिबल चालते, तुमचं खरं आहे. माझं म्हणणं वावराच्या पेटीचं. तुमचा वायरमन चांगला स्ट्रिपर आणि चांगला पेचकस घेऊन एकदा लावते. इथं तीच वायर वर्षातून चार वेळा काढली जाते, कधी मोटर काढायची म्हणून, कधी कोणी स्टार्टर दुरुस्त करते म्हणून. दरवेळी चार-पाच तारा बाहेर राहतात, कापल्या जातात, टोक लहान होत जाते. फेरूल असलं की काढून घालता येते तसंच. तुमच्याशी याच्यावर भांडण नाही.

---

बारीक_बोलतो · १० मे, रात्री ९:२०

ते काढून घालायचं म्हणताय तर पटते. पण एक सांगा बहारभाऊले, पिंजरा. एमसीबीचा स्क्रू अर्धा बंद असते दुकानातून आणला तर, त्यात वायर पिंजऱ्याच्या मागून जाते, पिंजरा अन् प्लास्टिकच्या मधी. स्क्रू टाइट होते, वायर अडकल्यासारखी वाटते पण दाबलेली नसते. मी हे स्वतःच्या पॅनलमध्ये केलं होतं पहिल्या वर्षी. आधी स्क्रू पूर्ण उघडा, भोकातून टॉर्च मारून पाहा, मग घाला.

---

पॅनलवाली_बुटीबोरी · १० मे, रात्री ९:३०

हे फार महत्त्वाचं. आवळल्यावर वायर पकडून चांगली ओढा, पाच-सहा किलोचं पोतं उचलल्यासारखं. मागं अडकली असेल तर तिथंच बाहेर येते.

आणि टेस्टर. भाऊ, टेस्टरचा दांडा बारीक, मूठ बारीक, त्यानं स्क्रूवर जोर येतच नाही. हात दुखते म्हणून वाटते घट्ट झाला. या छोट्या एमसीबीला साधारण २ ते २.५ न्यूटन-मीटर जोर लागते, बाजूला छापलेलं असते, नाही तर डबीतल्या कागदावर. जाड मुठीचा पेचकस घ्या, टोक त्या स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसणारं. बहुतेक स्क्रूला सरळ आणि चौफुली दोन्ही खाचा असतात, नंबर २ चा चौफुली बिट बसते. मूठ भरून, मनगट फिरवून, एका हातानं जेवढं जाते तेवढं. पेचकसला पक्कड लावून फिरवू नका, आटे जातात आणि मग परत कधीच घट्ट होत नाही. अंदाज जमत नसेल तर टॉर्क पेचकस, पण सहा टोकांसाठी कोणी घेणार नाही हे मला माहीत आहे.

---

डाळमिल_दारव्हा · ११ मे, सकाळी ८:५०

धागा वाचून माझं पण विचारतो. छोटी डाळमिल आहे, १०० अँपिअरचा एमसीसीबी, ३५ स्क्वेअरची तांब्याची फ्लेक्सिबल केबल, रिंग लग लावले आहेत. वायरमननं लग हातोड्यानं छिनी ठोकून दाबले. एक लग बोल्टवर गरम होते. बोल्ट ८ चा आहे, लगचं भोक १० चं. खाली जाड वॉशर टाकून बसवलं आहे की लग सरकू नये. हे बरोबर आहे का?

---

पॅनलवाली_बुटीबोरी · ११ मे, सकाळी ९:३०

मिल दादा, तीन गोष्टी एकत्र आल्या. छिनीनं ठोकलं की नळीला एक खड्डा पडते, तिथल्या तारा तुटतात आणि बाकीच्या नळीत हवा राहते. ३५ ला हायड्रॉलिक किंवा लांब दांड्याचं टूल आणि ३५ लिहिलेली षटकोनी डाय. दाबायची सुरुवात रिंगच्या बाजूनं करा आणि केबलकडे या, आणि सोलताना नळीच्या खोलीपेक्षा एक-दोन एमएमच जास्त सोला. दाबून झाल्यावर लग हातात धरून केबल फिरवून पाहा, नळी केबलवर हलायला नको.

वॉशर लगच्या खाली नसतोच. लगचा सपाट तांब्याचा भाग सरळ एमसीसीबीच्या पट्टीवर बसला पाहिजे, करंट त्या दोघांमधून जाते. तुम्ही मधे लोखंडी वॉशर टाकला म्हणजे सगळा करंट लोखंडातून, तेच तापते. क्रम असा, पट्टी, लग, सपाट वॉशर, स्प्रिंग वॉशर, बोल्टचं डोकं. आणि १० च्या भोकाला ८ चा बोल्ट म्हणजे लगची दाबलेली जागा कमी होते, ८ च्या भोकाचा लग घ्या.

केबल खरंच तांब्याची आहे ना, एकदा खरवडून पाहा. ॲल्युमिनियम असेल तर तांब्याचा लग चालत नाही, बायमेटलचा लागते आणि त्याच्यात जॉइंट ग्रीस भरलेलं असते.

---

डाळमिल_दारव्हा · ११ मे, सकाळी १०:०५

तांबंच आहे. वॉशर आजच काढतो. मेनस्विच बंद करून करतो.

---

वणीकर_पाटील · ११ मे, दुपारी १२:३०

मी माझ्या ३२ च्या एमसीबीचं आज खालून पाहिलं. मधली वायर तपकिरी. मोटर चालूच होती म्हणून काही समजलं नव्हतं. मला वाटे पडत नाही म्हणजे चांगलं. ताई मी पण १६ चा आणतो.

---

बहार_वरुड · ११ मे, रात्री ९:५५

लावलं. सहाही टोकं भाच्यानं दाबून दिली, मी फक्त वायर धरली. एक फेरूल पहिल्यांदा चुकलं, तांबं नळीच्या तोंडापर्यंत आलंच नव्हतं, कापून परत केलं. करडी कॉलर एमसीबीच्या भोकाला एकदम टेकली, बाहेर तांबं बिलकुल दिसत नाही. ओढून पाह्यलं, हलली नाही. मोटर दीड तास चालवून मग भाच्यानं पुन्हा मोजलं, आर १०४, वाय १०७, बी १०९. बॉडी तिन्हीकडून सारखी गरम, उन्हाची जी असते तेवढीच.

आता एक विचारतो, दरवर्षी टाइट करायचं का?

---

जुना_लाइनमन · ११ मे, रात्री १०:२०

दर पावसाळ्याच्या आधी एकदा सगळे स्क्रू आवळावेच. आमची तशी सवय होती.

---

बारीक_बोलतो · ११ मे, रात्री १०:३५

काका मी तर म्हणतो हात लावू नका. चांगला आवळलेला जोड वारंवार आवळला की तारा चपट्या होत जातात अन् स्क्रूचे आटे जातात. एकदा पहिल्या आठवड्यात पाहायचं, मग गरम होते का एवढंच पाहायचं.

---

पॅनलवाली_बुटीबोरी · ११ मे, रात्री १०:५०

याच्यावर कंपनी-कंपनीचं वेगवेगळं सांगणं आहे, मीही दोन्ही पाहिले. मी माझ्या गावच्या पेटीत एक महिन्यानं लाइट बंद करून त्याच जोरानं एकदा पाहते, जरा जरी फिरला तर पुढच्या वर्षी परत पाहते, नाही फिरला तर सोडून देते. फोटो काढून ठेवा टोकाचा, पुढच्या वेळी रंग बदलला का ते जुळवता येईल.

---

रिवाइंडिंग_दर्यापूर · १२ मे, सकाळी ६:४०

आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास असन तर त्याची वायर परत लाव भाऊ, लहानच काम आहे.

---

बहार_वरुड · १२ मे, सकाळी ७:०५

बायपासच होता जी. आज संध्याकाळी लाइट येण्याच्या आधी लावतो. उरलेले फेरूल ९० च्या वर हायेत, वरुड-मोर्शी साइडला कोणाले पाहिजे असन तर सांगा, चार-सहा देऊन टाकीन.

---

वणीकर_पाटील · १२ मे, सकाळी ८:१५

माझी वायर ६ स्क्वेअरची आहे, करडे बसणार नाहीत ना? पिवळे आणावे लागतील. वणीत पाहतो.